काली बेईंच्या काठावर

राजस्थानातून पंजाबात जाताना मी मुद्दाम जोधपूरजवळच्या खेजडली गावी थांबलो. चुन्याच्या भट्ट्यांसाठी खेजडीची झाडे तोडायला आलेल्या राजाच्या माणसांना १७३० मध्ये अमृतादेवी आणि तिच्यामागून आलेल्या बिश्नोईंनी झाडांना मिठी मारून अडवले, त्यात ३६३ जणांचे प्राण गेले. बिश्नोई पंथाचे संस्थापक जांभोजी यांच्या एकोणतीस नियमांपैकी ‘रूंख लीलो नहिं घावै’, म्हणजे हिरवे झाड तोडू नये, हा नियम त्यांच्या पाठीशी होता. लाकूड वाचावे म्हणून हा समाज मृतांचे दहनही करत नाही, दफन करतो.

झाड किंवा हरीण वाचवायला असा मनाईचा नियम पुरतो, कारण कुऱ्हाड किंवा बंदूक घेतलेला माणूस समोर दिसतो. नदी नासवणारा माणूस मात्र तिच्या काठी उभा नसतो, तो कित्येक मैल वर आपल्या घरात असतो. म्हणूनच मला पंजाबातले सुलतानपूर लोधी पाहायचे होते.

येथील काली बेईं नदीत स्नानाला उतरलेले गुरू नानक तिसऱ्या दिवशी ज्ञान घेऊन बाहेर आले, अशी शिखांची श्रद्धा आहे. ‘पवणु गुरू पाणी पिता’, म्हणजे वारा गुरू आणि पाणी पिता, हे वचन रोज म्हणणाऱ्या लोकांच्या डोळ्यांदेखत ही सुमारे १६० किलोमीटरची नदी सांडपाणी, गाळ आणि जलपर्णीने भरून गेली होती. २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा सुरू केली. हाताने जलपर्णी उपसणे, गाळ काढणे, काठ बांधणे ही कामे गावोगावच्या स्वयंसेवकांनी केली, आणि शीख परंपरेत सेवा हीच उपासना असल्यामुळे चिखलात उतरणे कोणालाही कमीपणाचे वाटले नाही.

तरीही खरे काम नदीबाहेर होते. सीचेवाल गावात सांडपाणी आधी लागोपाठच्या विहिरींमधून फिरवतात, तेथे कचरा, तवंग आणि गाळ मागे राहतो, मग ते तळ्यात साठवले जाते आणि पुढे शेताला दिले जाते. शेतकऱ्याला त्या पाण्याचा उपयोग असल्यामुळे ते नदीकडे वळवण्याचे कारणच उरत नाही.

आपल्या आळंदीची इंद्रायणी मला तेथे सतत आठवत होती. वारकऱ्यांची भक्ती तीर्थस्नानाला काठावर येते, पण फेस आणणारे पाणी वरच्या शहरातून आणि कारखान्यांतून येते, आणि तिथपर्यंत आपल्या भक्तीने हात घातलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेईंचा प्रश्नही कायमचा सुटलेला नाही. वरच्या बाजूने सोडलेले पाणी कमी झाले आणि त्याच वेळी प्रक्रिया न केलेले सांडपाणी शिरले, की प्राणवायू घटून मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. तेव्हा आणखी पाणी सोडायला लावणे आणि वरचे नाले बंद करायला लावणे, हीसुद्धा कारसेवकांना करावी लागणारी सेवाच आहे.