व्यापाराचा गेम: भाव झोके का घेत होते

मी बनवत असलेल्या व्यापाराच्या गेममध्ये गेल्या नोंदीत भावाचं सूत्र बसवलं होतं. तेच अजून चालू आहे:

```
price = 20 * 100 / max(stock, 10)
```

साठा १०० पोती असेल तर मिठाचा भाव २० नाणी, ५० वर ४०, २०० वर १०. `max` नसेल तर रिकाम्या कोठारात शून्याने भागाकार होतो. हे मला गेम बंद पडल्यावरच कळलं.

सूत्र बरोबर होतं, तरी मिठागरापासून दूरच्या गावात भाव ठरलेल्या तालावर वरखाली होत राहिला. गावाचा खप रोज १० पोती. मिठागराकडे आठ तांडे, प्रत्येकी २० पोत्यांचे, वाट तीन दिवसांची. भाव २५ झाला की निघायचं, हा त्यांचा नियम. साठा ८० वर येताच आठही तांडे एकदम निघत. ते वाटेत असताना गाव ३० पोती खाई, भाव ४० वर चढे आणि मग १६० पोती एकाच सकाळी येऊन पडत. साठा २१०, भाव साडेनऊ. पुढचे तेरा दिवस कुणी फिरकत नसे. असं दर सोळा दिवसांनी.

अर्थशास्त्रात अशाच चक्राला कॉबवेब म्हणतात. निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये हे नाव वापरलं. तिथे आजचा भाव बघून पेरलेलं पीक उशिरा हाती येतं, इथे माल उशिरा पोचतो. मी आधी सूत्राचा उतारच कमी करून बघितला. झोके लहान झाले, पण थांबले नाहीत, कारण मुळात आठही जण वाटेवरचा माल न मोजता निर्णय घेत होते.

म्हणून आता तांडे एकामागून एक विचार करतात. आजचा साठा, अधिक वाटेवरचा माल, वजा तीन दिवसांचा खप, अधिक स्वतःची पोती. एवढ्यावरही भाव २५ च्या खाली जात नसेल तरच निघायचं. दर दोन दिवसांनी एकच तांडा सुटू लागला. साठा ६० ते ८०, भाव २५ ते ३३.

आणि गेम मेला! खेळणाऱ्याला कमवायला फटच उरली नाही. एवढे शहाणे व्यापारी नकोत.

सध्याची तडजोड अशी: तांड्याला फक्त आपल्या मिठागरातून निघालेला माल माहीत असतो. तितक्याच अंतरावर दुसरं मिठागर टाकलं, तर दोन्हीकडून माल सुटतो आणि साठा ६० ते १२० मध्ये हलतो. भाव साधारण १७ ते ३३, आवर्तन आठ दिवसांचं. ज्याला दोन्ही मिठागरांची खबर आहे, त्याला नफा. ती खबर खेळणाऱ्याला कशी मिळावी, तेवढं ठरायचंय. आणि त्याची स्वतःची गाडी अजून वाटेवरच्या मालात धरलेलीच नाही, ते आधी दुरुस्त करतो.