पोहे जाडे की पातळ, प्रश्न पाण्याचा आहे

किराणा दुकानात "पोहे द्या" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, जाडे की पातळ? नवीन संसार मांडलेल्या पोरापोरींना तिथेच घाम फुटतो. मग घरी फोन, आणि पलीकडून उत्तर, अरे करणारेस काय त्यावर आहे ना. बरोबरच आहे ते. पण मला विचाराल तर पदार्थ हा पुढचा भाग झाला, आधी बघायचं ते पोहा पाणी कसं घेतो, कारण दोघांची पाणी घ्यायची पद्धतच वेगळी आहे आणि बाकी सगळं त्यातूनच ठरतं.

पोहा हा मुळात शिजलेलाच असतो हे आपण विसरतो. भात (म्हणजे साळ, टरफलासकट) भिजवतात, मग भट्टीत गरम वाळूत भाजतात आणि गरम असतानाच चेपतात. कमी चेपला की जाडा, जास्त चेपला की पातळ. म्हणजे पोहे करताना आपण ते शिजवत नसतो, फक्त त्यांच्यातलं गेलेलं पाणी त्यांना परत देत असतो. कढईतली वाफ ही गरम करायला आणि फोडणीची चव आत शिरायला. जो पोहा नळाखाली भिजला नाही तो कढईत कितीही वेळ ठेवा, मऊ होत नाही, उलट वातड होतो. पोहे कच्चे लागतायत म्हणून गॅसवर अजून पाच मिनिटं ठेवणारे लोक मी बघितलेत, त्या पाच मिनिटांत होती नव्हती ती ओलही उडून जाते.

जाड्या पोह्यांना पाणी पटकन द्यायचं आणि मग वेळ द्यायचा. पातेल्यात पाणी घालून भिजत ठेवायचे नाहीत, तिथे बाहेरचा थर विरघळून चिकट होतो आणि मधला भाग तसाच राहतो. चाळणीत घ्यायचे, नळाखाली धरून हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचे, चाळणी तिरकी करून पाणी निथळू द्यायचं आणि झाकून दहा मिनिटं विसरून जायचं. या दहा मिनिटांत बाहेरचं पाणी हळूहळू आत जातं. मग एक पोहा अंगठा आणि बोटात दाबून बघायचा, पूर्ण चेपला आणि मधे कणी लागली नाही तर झाले. कणी लागली तर परत नळाखाली न्यायचे नाहीत, वरून पाण्याचा हबका मारायचा, हाताने खालीवर करायचे आणि अजून पाच मिनिटं. जुने, दुकानात पडून राहिलेले पोहे जरा जास्त पाणी मागतात, त्यामुळे वाटीला किती पाणी असं विचारू नका, बोटाला विचारा. मीठ आणि साखर मी याच वेळी पोह्यांना चोळून ठेवतो, फोडणीत टाकलं की सगळीकडे सारखं लागत नाही.

असे भिजवलेले जाडे पोहे कांदेपोह्यांना, बटाटेपोह्यांना हवेतच, कारण तिथे परतायचंय, झाकण ठेवून वाफ काढायचीय, आणि एवढी ढवळाढवळ पातळ पोहा सहन करत नाही, त्याचा लगदा होतो. नागपूरचे तर्री पोहे पण जाड्यांचेच, वरून चण्याची झणझणीत तर्री पडल्यावरही पोहा सुटा उभा राहिला पाहिजे. आणि कोकणात नरकचतुर्दशीला होतात ते कोळाचे पोहे, नारळाच्या दुधात चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, मिरची आणि वरून फोडणी, तिथे तर पोहा सरळ रसात बसतो, तेव्हा अंगात दम असलेलाच लागतो. यासाठी पोहे थोडे कमी भिजवायचे, उरलेली ओल तो रसातून ओढतो. हा रस पानात बसायच्या जरासं आधी ओतायचा, तासभर आधी ओतला तर पोहे रस पिऊन फुगतात आणि चमच्याने कापायची वेळ येते.

आता पातळ. यांना नळ दाखवायचाच नाही. पाण्याचा थेंब पडला तिथे गोळा, आणि बाजूचा पोहा तसाच कोरडा. यांना ओल मिळाली पाहिजे ती दुसऱ्या कशाच्या तरी अंगातून, आणि हे ज्याने कोणी दडप्या पोह्यांत साधलं त्याला मी मनापासून हात जोडतो.

दडपे असे करायचे. चार वाट्या पातळ पोहे आधी चाळून घ्यायचे, तळाचा चुरा राहिला तर तोच आधी ओला होऊन चिकटतो. एक मोठा कांदा बारीक चिरून त्याला मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू लावून पाच मिनिटं ठेवायचा, त्याला पाणी सुटतं, हे पाणी फेकायचं नाही, तेच आपल्याला हवंय. त्यात एक वाटी ओला खोवलेला नारळ, आवडत असेल तर टोमॅटो किंवा काकडी, हे सगळं पोह्यांत घालून हाताने, चमच्याने नाही, खालीवर करायचं. नारळ फोडताना निघालेलं पाणी असेल तर पाव वाटी, तेही सगळीकडे शिंपडत. मग पातेल्यात सपाट दाबून वर ताटली आणि ताटलीवर वजन, पंधरा-वीस मिनिटं. वजनामुळे प्रत्येक पोहा कांद्याला नाहीतर नारळाला चिकटून बसतो आणि त्याची ओल घेतो. काढल्यावर पोहे मऊ पण सुटे हवेत, मुठीत दाबून सोडले की पसरले पाहिजेत. लाडू झाला तर नारळपाणी जास्त झालं, टाळ्याला चिकटले तर कमी झालं (दुसऱ्यावर उपाय आहे, अजून थोडा नारळ आणि परत दहा मिनिटं वजन. पहिल्यावर नाही). फोडणी सगळ्यात शेवटी, मोहरी, हिंग, हळद, मिरची, शेंगदाणे, आणि जरा निवल्यावरच ओतायची. वर पोह्याचा पापड भाजून चुरून. तो आधी घातला तर तोही ओल ओढून मऊ पडतो आणि त्यात काही मजा नाही.

जाड्या पोह्यांचे दडपे काही जण करतात, आधी भिजवून. खायला वाईट नसतात, पण ते माझ्या मते कोशिंबिरीत बसलेले कांदेपोहे झाले.

चिवड्यात पातळ पोहे उलट्या वाटेने जातात, होती ती ओलही काढून टाकायची. कडक ऊन असेल तर दोन-तीन तास उन्हात, नाहीतर मोठ्या कढईत मंद आचेवर थोडे थोडे भाजायचे. आच मोठी झाली की आकसतात, मुरडतात. एक पोहा बोटांत चुरून बघायचा, कुरकुरून पीठ झाला तर भाजला गेला. यात मीठ आणि पिठीसाखर कोरडीच घालायची, आणि डबा बंद करायच्या आधी चिवडा पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम भरला की आतल्या वाफेनेच मऊ पडतो. तळलेल्या चिवड्याला मात्र जाडे पोहे घ्या, पातळ तेलात टाकले की तेल पितात.

दुकानात मध्यम म्हणून तिसरे पोहे पण मिळतात. हे धुवायचे एकदाच, पटकन, आणि पाचच मिनिटं ठेवायचे. दहीपोह्यांना ते छान, दह्यात बुडवले की बाकीचं काम दहीच करतं.