आमची वाटचाल : तक्रारीची ड्युटी

कुडाळात काजू कारखानदार आणि दुकानदारांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीची वर्षं सरळ गेली. मग घाटावरच्या एका कंपनीने आमची दोन चांगली मुलं नेली आणि 'कुडाळवाले बंद पडताहेत' असं गिऱ्हाइकांत पसरवलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

त्याच मोसमात वेंगुर्ल्याच्या कारखानदार काकांचा फोन आला. गोव्याला निघालेला ट्रक दारात उभा, आणि ई-वे बिल होत नव्हतं. तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली. तिघं एकदम तिच्यामागे लागले, आणि बाकीच्या तक्रारींकडे कुणीच पाहिलं नाही. दोष आमच्या कोडमध्ये नव्हताच. पोर्टल दोन पिनकोडांवरून अंतर काढतं आणि त्याहून दहा टक्क्यांपर्यंतच जास्त घेतं. लांबच्या रस्त्याचा आकडा भरला गेला होता. ट्रक संध्याकाळी सुटला. काका मात्र आमच्याकडेच राहिले आणि दुसऱ्या दोन कारखान्यांनाही घेऊन आले.

तेव्हापासून आठवड्याला एकाची तक्रारी बघायची ड्युटी असते. त्या आठवड्यात त्याला नवं काम देत नाही. सकाळी आधी तो रात्रीपासून आलेल्या सगळ्या तक्रारी वाचतो. आवृत्ती, चूक दाखवणाऱ्या संदेशाचा फोटो आणि 'नेमकं काय दाबलंत' हे विचारतो, मग तीच चूक आपल्या मशीनवर करून बघतो. जुनीच तक्रार परत आली असेल तर ती तिथेच जोडतो. काम अडलंय, आकडा चुकतोय की नुसती गैरसोय आहे, ते ठरवून ज्याचा तो भाग त्याच्या नावावर टाकतो. दुपारनंतर ज्यांच्याकडून माहिती यायची आहे त्यांना फोन. संध्याकाळी तक्रारींच्या शीटमध्ये एकही ओळ नाव आणि पुढची तारीख नसलेली राहता कामा नये. शनिवारी पुढच्याला शेजारी बसवून उघड्या ओळी एकेक करून सांगायच्या.

धंद्यात नवे असाल तर एवढं ऐका: ड्युटीवरच्याने स्वतः दुरुस्त करत बसायचं नाही. अर्ध्या तासात सुटलं तर ठीक, नाहीतर सोपवायचं. तो एका बगमध्ये शिरला की बाकीची रांग तशीच राहते, आणि हे ओळखायला सोपं आहे: दुपारपर्यंत नाव नसलेल्या ओळी वाढू लागतात.

वाटणीतही एक खोच आहे. आम्ही चौघं, म्हणजे फेरी अठ्ठावीस दिवसांची. जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११, आणि त्या दिवसांत फोन थांबत नाहीत. महिना फेरीपेक्षा जेमतेम दोन-तीन दिवसांनी मोठा, त्यामुळे ११ तारखेचा आठवडा सलग काही महिने एकाच मुलाच्या माथी येत होता. तो कुरकुरला, ते बरोबरच होतं. आता त्या आठवड्याची यादी वेगळी फिरते, आणि तेवढे दिवस ड्युटीवरच्याच्या जोडीला दुसराही फोन घेतो.