मूकपट शॉट-नोंदी: ओडेसाच्या पायऱ्यांवर सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं

मागच्या नोंदीत मी ‘कॅलिगारी’ आणि ‘पोटेमकिन’ची सरासरी शॉट-लांबी शेजारी शेजारी मांडली होती. ती तुलना मागे घेतोय. कॅलिगारीचे आकडे ठीक आहेत. पोटेमकिनचे सगळे सेकंद कमी निघाले आहेत.

चूक माझ्या भाचीने पकडली. ती यंदा चित्रपटाचं शिक्षण घ्यायला लागली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चळवळी तिला कळाव्यात म्हणून आम्ही ही तक्त्याची खटपट एकत्र करतो. ‘पोटेमकिन’मधला, सैनिक ओडेसाच्या पायऱ्यांवरून लोकांवर चाल करून येतात तो प्रसंग पाहताना ती म्हणाली, “मामा, हे सैनिक कवायत करतायत की धावतायत?” मी म्हणालो, जुने मूकपट असेच दिसतात. तिला ते पटलं नाही आणि तिचंच बरोबर होतं.

नव्यांसाठी आधी थोडं. रॉबर्ट वीनचा ‘कॅलिगारी’ १९२० साली बर्लिनमध्ये लागला. वार्म, राइमान आणि र्‍योरिग या तिघा नेपथ्यकारांनी भिंती, रस्ते, सावल्यासुद्धा रंगवून काढल्या. जर्मन अभिव्यक्तीवादी सिनेमातली भीती आधी चौकटीच्या आत रचलेली असते, म्हणून शॉट रेंगाळला तरी चालतो. मॉस्कोत उलटं होतं. क्रांतीनंतर कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. दिग्दर्शक कुलेशोव्हच्या कार्यशाळेत तयार चित्रपट कापून-जोडून अभ्यासले जात. तिथे रुजलेली समजूत अशी, की अर्थ एका शॉटमध्ये नसतो, दोन शॉटांच्या जोडात तयार होतो; यालाच माँटाज म्हणतात. ‘पोटेमकिन’चे दिग्दर्शक आइझेनश्टाइन शॉटला ‘तुकडा’च म्हणत. तुकडा किती लांब, हा त्यांच्यासाठी रचनेचा प्रश्न होता. म्हणून सोव्हिएत माँटाज शिकायचं तर मोजावं लागतं, आणि मोजमाप चुकलं तर चळवळच चुकीची समजते.

आता माझ्या त्रासाकडे. मूकपटाचा वेग एकच ठरलेला नव्हता. सेकंदाला १६, १८, २० फ्रेम, असं काहीही असे. बोलपट आले आणि २४ हा वेग पक्का झाला. १८ची फिल्म २४च्या व्हिडिओत बसवायचे दोन मार्ग. एक, तशीच पळवायची. मग ५४ फ्रेमचा शॉट ३ सेकंदांऐवजी सव्वादोन सेकंदांत संपतो आणि माणसं धावतात. दोन, दर तीन फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा दाखवायची. मग शॉट ३ सेकंदच चालतो, पण त्यात ५४ऐवजी ७२ फ्रेम मोजल्या जातात. माझी जुनी डीव्हीडी पहिल्या प्रकारची निघाली. स्वस्त संच घेतल्याचं फळ. वेष्टनावर वेगाबद्दल एक शब्द नाही. ज्या विक्रेत्याकडे वेग छापलेला नसेल, त्याच्याकडून मूकपट घेऊच नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

दुसरी, नीट जतन केलेली प्रत मिळवली. ती दुसऱ्या प्रकारची. ओळखायची खूण सोपी आहे: सतत हालचाल असलेला शॉट घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरका. तीनदा चित्र हलतं, चौथ्यांदा जागेवर थांबतं, पुन्हा तीनदा हलतं. दर तिसऱ्यांदा थांबलं तर मूळ वेग १६, दर सहाव्यांदा थांबलं तर २०. या कामासाठी मी व्हीएलसी सोडून एमपीव्ही हा प्लेअर वापरतो. त्यात `.` ने पुढे आणि `,` ने मागे जाता येतं, आणि कट शोधताना मागे जाणं सारखं लागतं.

मग जास्तीच्या फ्रेम काढायला मी ffmpegमधला `mpdecimate` हा फिल्टर लावला. तो मागच्यासारखी दिसणारी प्रत्येक फ्रेम टाकून देतो. दोन संध्याकाळी मोजणी केली आणि बेरीज भलतीच कमी आली. शेवटी लक्षात आलं: पाट्या! जतन केलेल्या प्रतीत मजकुराची पाटी हे स्थिर चित्र आहे. फिल्टरला ती सगळी एकच फ्रेम वाटली आणि त्याने जवळजवळ अख्खी पाटी गिळली. दोन संध्याकाळींचं काम पुसलं. फार जिवाला लागलं.

उपाय त्याच कुटुंबातला निघाला. `decimate` साम्य दिसलं म्हणून हवी तितकी फ्रेम टाकत नाही. दर चारच्या गटातली, आधीच्या फ्रेमशी सर्वांत जुळणारी एकच टाकतो. पाटीचीही चारातली एकच जाते, म्हणजे तिची लांबी शाबूत राहते.

```
ffmpeg -i odessa.mkv -vf decimate=cycle=4 -an odessa18.mkv
```

बाहेर येणारी फाइल सेकंदाला १८ फ्रेमची. पहिल्यांदा ती चालवली तेव्हा बाबागाडी पायऱ्यांवरून सलग घरंगळत गेली, एकही हिसका नाही. भाचीने टाळी दिली. मर्यादा दोन आहेत. फ्रेम एकमेकींत मिसळून बनवलेली प्रत असेल तर हा मार्ग बंद. आणि अगदी छोट्या शॉटमध्ये एका फ्रेमची चूक मोठी ठरते, म्हणून दहा फ्रेमच्या आतले सगळे शॉट मी हाताने पुन्हा पाहतो.

यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली. सैनिकांची पावलं कटाच्या ठोक्यावर पडत नाहीत, ती मुद्दाम त्याला छेद देतात, असं आइझेनश्टाइन यांनी लिहिलं आहे. मग पावलांची जागा घरंगळणारी बाबागाडी घेते आणि चाल आणखी चढते. हे तपासायला माझी जुनी पळणारी प्रतही चालली असती! वेग वाढला तर पावलं आणि कट दोन्ही सारखेच वेगाने धावतात, त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही. चूक होते ती दोन चित्रपटांचे सेकंद शेजारी मांडताना. कॅलिगारी आणि पोटेमकिनमधलं अंतर मी फुगवून दाखवलं ते असं. म्हणून तक्ता बदलतोय: प्रसंगाच्या आत फक्त फ्रेम, सेकंद फक्त दोन चित्रपटांच्या तुलनेसाठी, आणि प्रत्येक प्रतीच्या नावापुढे वेगाचा रकाना.

एक सावधगिरी. पहिल्या भागात खलाशी ताटली फोडतो, तिथे हाताची तीच हालचाल लागोपाठच्या शॉटांत पुन्हा येते. ती दिग्दर्शकाने केलेली पुनरावृत्ती आहे. मी घाईत तिला प्रतीचा दोष म्हणून खूण केली होती. फरक असा, की तिथे कॅमेऱ्याची जागा बदलते. नक्कल केलेल्या फ्रेममध्ये काहीच बदलत नाही.

पुढे फ्रेंच गटाकडे, एप्स्टीनकडे वळायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना डोक्यात आलं, की आधी आबेल गाँसचा ‘ला रू’ (१९२३) घ्यावा. कड्यावरून पडण्याच्या क्षणी त्यात एकेका फ्रेमचे शॉट आहेत. १८चं २४ केलेल्या प्रतीत अशा तीन शॉटांपैकी एक दुप्पट लांब होतो आणि लय तिथेच मोडते. त्यानंतर ‘ऑक्टोबर’मधली मशीनगन, जिथे ती चालवणारा सैनिक आणि बंदूक दोन-दोन फ्रेमनी आलटून पालटून येतात. या दोन्हींची वेग छापलेली प्रत कोणाकडे असेल तर कळवा. रविवारी दुपारी मोजायला बसणार आहोत.