एका पत्त्यासाठी अकरा दिवस

प्रोजेक्टचं काम एकूण दीड महिन्याचं. त्यातले अकरा दिवस लॅब इन्चार्ज सरांच्या टेबलासमोर गेले, तो राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितोय.

आमचं गाव सांगोल्याकडचं, घरी डाळिंबाची बाग. पानाचा फोटो दिला की तेल्या रोग आहे, दुसरा एखादा डाग आहे की पान निरोगी आहे, हे सांगणारा प्रोजेक्ट मी घेतला. त्यासाठी निवडलं गूगलचं टीचेबल मशीन. प्रत्येक गटाचे फोटो टाकायचे, `Train Model` दाबायचं, की झालं. पण लॅबमध्ये ती साइट बंद. उघडायची तर अर्ज करा.

पहिला अर्ज मी दोन ओळींचा केला : "प्रोजेक्टसाठी एआय टूल वापरण्याची परवानगी मिळावी." दुसऱ्या दिवशी लाल शाईत परत आला. "कोणते टूल? फोटो कुठे जातात?" तेव्हा चिडलो. आता वाटतं, प्रश्न बरोबरच होते, फक्त सरांनी ते तोंडी विचारले असते तर एक फेरी वाचली असती.

फोटो कुठे जातात, याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. टाकायचे म्हणजे गूगलकडे जात असणार, असंच मी धरून चाललो होतो. वाचल्यावर कळलं की हे टूल ब्राउझरमध्येच, आपल्याच मशीनवर शिकतं. सर नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवेनात. मग माझा लॅपटॉप मोबाइलच्या नेटला जोडून त्यांच्यासमोर मॉडेल शिकवलं, नेट बंद केलं आणि नवीन पानाचा फोटो टाकला. उत्तर आलं. सर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "हे पत्रात लिही. आणि मॅडमची सही घेऊन ये." गाईड मॅडम दोन दिवस रजेवर होत्या.

शेवटी चाललेल्या पत्रातला मजकूर असा :

"विषय : प्रोजेक्टसाठी संकेतस्थळ वापरण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, डाळिंबाच्या पानांवरील तेल्या रोग ओळखण्याच्या प्रोजेक्टसाठी मला teachablemachine.withgoogle.com हे संकेतस्थळ लॅबमधील एका संगणकावर वापरायचे आहे. आमच्या बागेतील पानांचे सुमारे 360 फोटो वापरणार असून त्यांत कोणत्याही व्यक्तीचा फोटो नाही. प्रशिक्षण संगणकावरच होते. तयार मॉडेल डाउनलोड करून घेईन, `Upload my model` हा पर्याय वापरणार नाही. परवानगी 15 मार्चपर्यंतच्या वापरासाठी मिळावी, ही विनंती."

`Upload my model`चं वाक्य सरांनीच घालायला लावलं. तो पर्याय निवडला की मॉडेल गूगलकडे ठेवलं जातं आणि त्याची लिंक तयार होते.

मंजुरी आली, साइट उघडली, फोटो चढवले, `Train Model` दाबलं आणि पुढे काहीच हलेना. मला वाटलं मशीन जुनं आहे. दुसऱ्या मशीनवर तेच. एफ-12 दाबून नेटवर्कचा भाग उघडला तेव्हा एक ओळ लाल दिसली : storage.googleapis.com. टूल शून्यापासून शिकत नाही. आधीच शिकवलेलं एक छोटं मॉडेल उतरवून घेतं आणि आपले फोटो त्याच्यावर शिकवतं. ते मॉडेल या दुसऱ्या पत्त्यावरून येतं आणि परवानगी एकाच पत्त्याला होती! सर म्हणाले, "पत्रात दुसरा पत्ता नाही." बरोबर, नव्हता. पुन्हा पत्र, पुन्हा मॅडमची सही, पुन्हा आवक नोंद. एका ओळीसाठी चार दिवस. म्हणून आधी घरी ते टूल चालवा, एफ-12 मध्ये दिसतील ते सगळे पत्ते टिपून घ्या आणि पहिल्याच पत्रात घाला.

पुढचं काम दोन दुपारींत झालं. एक गोष्ट मात्र घरीच करायला हवी होती. हे टूल फोटोचा मधला चौकोन घेतं आणि तो 224 बाय 224 पिक्सेलपर्यंत लहान करतं. माझ्या बऱ्याच आडव्या फोटोंत डाग कडेला होता, तो कापला जाऊन हिरवं पानच उरलं आणि ते मी तेल्याच्या गटात टाकलं होतं. म्हणून निरोगी पानांनाही मॉडेल "तेल्या" म्हणत राहिलं. डाग मध्ये येईल असे फोटो कापून पुन्हा टाकले, मग जमलं.

हो, पत्राची पोच घ्या. माझं दुसरं पत्र दीड दिवस कुणालाच सापडत नव्हतं.

आणि मुदत लिहिताना तोंडी परीक्षेच्या पुढची तारीख टाका. मी 15 मार्च लिहिली. परीक्षा 18 ला होती आणि 16 ला सकाळी साइट बंद! रिपोर्टमधली स्क्रीनची दोन चित्रं शेवटी मित्राच्या खोलीवर, मोबाइलच्या नेटवर काढली.