भौतिकशास्त्राची शेवटची वीस मिनिटे: नीटच्या सराव परीक्षांची नोंदवही ठेवतानाचा माझा अनुभव

बारावीनंतर २०२४ मध्ये दिलेल्या पहिल्या नीटमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत, म्हणून मी एक वर्ष पुन्हा तयारीसाठी घेतले आणि लातूरला खोली करून राहिले. आमच्या वर्गात दर रविवारी पूर्ण अभ्यासक्रमावर किंवा काही घटकांवर सराव परीक्षा होत असे आणि संध्याकाळी एकूण गुणांची यादी लागत असे. त्या यादीत माझे नाव वर-खाली होई, परंतु ते का वर गेले किंवा का खाली आले हे एकाच आकड्यावरून कधीच कळत नसे. ऑक्टोबरमध्ये मी गुगल शीट्समध्ये स्वतःची नोंदवही सुरू केली, ती या कारणासाठी.

रचना साधी होती. प्रत्येक परीक्षेसाठी तीन ओळी, म्हणजे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची प्रत्येकी एक ओळ. पहिल्या तीन स्तंभांत तारीख, परीक्षेचे नाव आणि विषय, त्यापुढे सोडवलेले प्रश्न, बरोबर, चूक आणि लागलेली मिनिटे. गुण आणि अचूकता शीट स्वतः काढत असे. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे १ असल्यामुळे सूत्रे अशी होती:

```
H2:  =4*E2-F2
I2:  =IF(D2=0,"",E2/D2)
J2:  =D2-E2-F2
```

शेवटचा स्तंभ फक्त पडताळणीचा होता. तेथे शून्याखेरीज काहीही दिसले, की मोजण्यात चूक झाली आहे असे समजायचे. हा स्तंभ सुचवला माझ्या ताईने, जी पुण्यात हिशेबाचे काम करते. पहिल्या महिनाभराची नोंद तिला दाखवली तेव्हा तिने अभ्यासाविषयी काही न विचारता मिनिटांच्या स्तंभावर बोट ठेवले. "तीन विषयांच्या वेळेची बेरीज एका परीक्षेत एकशे सत्तर येते आहे आणि दुसऱ्या परीक्षेत दोनशे पंधरा. परीक्षा तेवढीच होती ना? म्हणजे तू वेळ घरी येऊन अंदाजाने लिहिते आहेस," ती म्हणाली. ते खरेच होते. संगणकावरच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाचा वेळ आपोआप नोंदला जातो, पण नीट कागदावर होते आणि उत्तरे ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करून द्यायची असतात, त्यामुळे वेळेची नोंद आपणच करावी लागते. त्या दिवसापासून विषय बदलताना प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात घड्याळातील वेळ लिहू लागले. भौतिकशास्त्र अर्धवट सोडून परत रसायनशास्त्राकडे वळले, तर त्या वळणाचीही वेळ लिहीत असे. या कामाला प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद लागतात, आणि त्याखेरीज मिनिटांच्या स्तंभाला काही अर्थ राहत नाही.

दुसरी चूक सरासरीची होती. मी प्रत्येक विषयाच्या अचूकतेच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढत होते. एका घटक चाचणीत भौतिकशास्त्राचे १० पैकी ९ प्रश्न बरोबर आले आणि एका पूर्ण परीक्षेत ३६ पैकी १९, तर ९० आणि ५३ यांची सरासरी सुमारे ७१ टक्के येते. प्रत्यक्षात मात्र ४६ पैकी २८ प्रश्न बरोबर आहेत, म्हणजे ६१ टक्के. छोट्या चाचणीला मोठ्या परीक्षेइतकेच वजन मिळाल्यामुळे मी स्वतःला आहे त्यापेक्षा बरी समजत होते. त्यानंतर घटक चाचण्या वेगळ्या पानावर हलवल्या आणि टक्केवारीऐवजी मूळ संख्यांची बेरीज करून अचूकता काढू लागले:

```
=SUMIF(C:C,"भौतिक",E:E)/SUMIF(C:C,"भौतिक",D:D)
```

जानेवारी २०२५ मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलल्याचे जाहीर झाले. २०२१ पासून प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न असत, त्यांपैकी १८० सोडवायचे आणि २०२२ पासून वेळ २०० मिनिटे, अशी पद्धत होती. आता १८० प्रश्न, सर्व अनिवार्य आणि वेळ १८० मिनिटे, म्हणजे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र प्रत्येकी ४५ आणि जीवशास्त्र ९०. एकूण गुण पूर्वीप्रमाणेच ७२० राहिल्यामुळे जुन्या आणि नव्या परीक्षा एकाच आलेखावर ठेवण्याचा मोह होतो. परंतु जुन्या पद्धतीत नको असलेले वीस प्रश्न वगळण्याची मुभा होती आणि वीस मिनिटे अधिक होती, म्हणून त्या काळातील सोडवलेल्या प्रश्नांचा आकडा आणि मिनिटे नव्या परीक्षांशी ताडून पाहता येत नाहीत. मी एक जाड रेघ मारली आणि तिच्याखाली नव्याने सुरुवात केली. चार महिन्यांच्या नोंदी अशा बाजूला ठेवताना जीव कासावीस झाला, पण तसे केले नसते तर पुढची प्रत्येक तुलना खोटी ठरली असती.

फेब्रुवारीतील एका परीक्षेची नोंद मला आजही पाठ आहे. जीवशास्त्रात ८८ प्रश्न सोडवले, ७६ बरोबर, १२ चूक, २९२ गुण, ५८ मिनिटे. रसायनशास्त्रात ४० सोडवले, २९ बरोबर, ११ चूक, १०५ गुण, ६२ मिनिटे. भौतिकशास्त्रात ३६ सोडवले, १९ बरोबर, १७ चूक, ५९ गुण, ६० मिनिटे. एकूण ४५६. भौतिकशास्त्राची अचूकता ५३ टक्के दिसताच मी ठरवून टाकले की माझे भौतिकशास्त्रच कच्चे आहे. वर्गातील सरांचेही तेच मत पडले. "अजून नऊ प्रश्न तू सोडलेच नाहीस, अटेम्प्ट वाढव," असेही ते म्हणाले.

त्या रात्री प्रश्नपत्रिका पुन्हा समोर घेतली. भौतिकशास्त्रात पहिल्या चाळीस मिनिटांनंतरही मी कोपऱ्यात एक वेळ लिहून ठेवली होती, कारण तेथून माझी दुसरी फेरी सुरू झाली होती. म्हणून त्या एका ओळीचे दोन भाग करून पाहिले. पहिल्या चाळीस मिनिटांत २० प्रश्न सोडवले होते, त्यांतील १५ बरोबर आणि ५ चूक, म्हणजे ५५ गुण. शेवटच्या वीस मिनिटांत १६ प्रश्न, त्यांतील ४ बरोबर आणि १२ चूक, म्हणजे ४ गुण. चार पर्यायांच्या प्रश्नांत डोळे मिटून गोल काळे केले, तरी सरासरीने सोळांपैकी चारच बरोबर येतील. वीस मिनिटे घाम गाळून आकडेमोड केली आणि हाती आले ते केवळ नशिबाने मिळाले असते तेवढेच. पहिल्या भागातील ७५ टक्के अचूकता सांगत होती की विषय कच्चा नाही, वेळ कमी पडतो आहे. अटेम्प्ट वाढवण्याचा सल्ला त्या अवस्थेत मला उलट दिशेने नेणारा होता.

मग वेळ जात कुठे होता? रसायनशास्त्राची ६२ मिनिटे पाहिल्यावर उत्तर मिळाले. भौतिक रसायनशास्त्रातील गणिते, विशेषतः आयनिक समतोल आणि विद्युत रसायनशास्त्र, मी हाती घेतली की सोडतच नसे. पानांवरची कच्ची आकडेमोड मोजली, तर एकेका गणितावर अर्धे पान खर्च झाले होते आणि त्यांतील बहुतेक उत्तरे तरीही चुकली होती. मी नियम केला की रसायनशास्त्र पन्नासाव्या मिनिटाला थांबवायचे, आणि ज्या गणितात दुसऱ्या मिनिटापर्यंत वाट दिसत नाही त्याच्या क्रमांकाभोवती चौकोन करून पुढे जायचे.

याच सुमारास नोंदवहीत आणखी एक स्तंभ आला. उत्तर देतानाच प्रश्नाशेजारी खूण करू लागले: खात्री असेल तर टिंब, दोन पर्यायांत अडले असेल तर दोन रेघा, काहीच कळत नसेल तर फुली. पाच परीक्षांच्या बेरजेत दोन रेघांचे ६० प्रश्न निघाले, त्यांतील ३१ बरोबर होते, म्हणजे ९५ गुणांचा फायदा. फुलीचे ४० प्रश्न होते, त्यांतील ९ बरोबर, म्हणजे अवघे ५ गुण. पाचांपैकी एक उत्तर बरोबर आले की या गुणपद्धतीत नफा-तोटा सारखा होतो, त्यामुळे दोन पर्यायांपर्यंत पोचलेला प्रश्न भीतीने सोडणे हे नुकसानच आहे. फुलीच्या प्रश्नांनी गुण जवळजवळ हलत नाहीत, अचूकतेचा आकडा मात्र बिघडतो. म्हणून अचूकता मी खुणेनुसार वेगळी पाहू लागले. कमी प्रश्न सोडवून अचूकता कितीही वाढवता येते, त्यामुळे सोडवलेल्या प्रश्नांची संख्या शेजारी असल्याशिवाय तो आकडा मी कोणालाही सांगत नसे.

एप्रिलमधील एका परीक्षेत जीवशास्त्राला ५६, रसायनशास्त्राला ५० आणि भौतिकशास्त्राला ७४ मिनिटे लागली. जीवशास्त्रात ८७ पैकी ७७ बरोबर येऊन २९८ गुण, रसायनशास्त्रात ३८ पैकी ३० येऊन ११२, भौतिकशास्त्रात ३१ पैकी २३ येऊन ८४. एकूण ४९४. फेब्रुवारीच्या तुलनेत आठ प्रश्न कमी सोडवले होते आणि ३८ गुण अधिक मिळाले होते. एका परीक्षेवर मी विश्वास ठेवला नाही, कारण प्रश्नपत्रिका सोपी असेल तर असे होऊ शकते. वर्गाची सरासरी मी शेजारी लिहीत असे आणि सलग चार परीक्षांत त्या सरासरीपासूनचे माझे अंतर वाढत गेले, तेव्हाच नियम कायम केला. मध्यंतरी एका परीक्षेची उत्तरतालिका वर्गाने तीन दिवसांनी दुरुस्त केली आणि माझी दोन चुकीची उत्तरे बरोबर ठरली. तेव्हापासून तालिका अंतिम होईपर्यंत ती ओळ पिवळ्या रंगात ठेवत असे.

नीटच्या केंद्रात मनगटी घड्याळ नेता येत नाही. हे लक्षात घेऊन मार्चपासून सराव परीक्षेतही घड्याळ काढून ठेवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळा लिहिण्याची सवय केली. ४ मे २०२५ रोजी दुपारी दोन वाजता परीक्षा सुरू झाली. तीन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी मी भौतिकशास्त्राचे पान उघडले आणि पहिल्या पाच-सहा प्रश्नांतच ध्यानात आले की ही प्रश्नपत्रिका आमच्या कोणत्याही सराव परीक्षेपेक्षा लांबलचक आहे. आजूबाजूला पाने भराभर उलटण्याचे आवाज येत होते. मी चौकोन करत पुढे गेले आणि पाच वाजेपर्यंत २६ प्रश्न सोडवले.

नीटमध्ये प्रश्नपत्रिका घरी नेता येते आणि पुढे ओएमआर पत्रिकेची प्रतिमाही पाहायला मिळते, म्हणून अंतिम उत्तरतालिका आल्यावर नोंदवहीची शेवटची ओळही भरता आली. भौतिकशास्त्र: सोडवले २६, बरोबर १७, चूक ९, मिनिटे ७४. गुणांच्या रकान्यात शीटने ५९ हा आकडा काढला. फेब्रुवारीच्या त्या परीक्षेतही भौतिकशास्त्राचे गुण ५९ च होते, फक्त ते ३६ प्रश्नांमधून आले होते आणि प्रश्नपत्रिका याहून पुष्कळ सोपी होती.