तोडणी कोणाची?

"काका, गुंतवणूकदारांना दाखवायच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत प्रॉब्लेम, सोल्यूशन आणि पैशाची मागणी, तिन्ही बसवायचं कसं? स्क्रिप्टची सुरुवात कुठून करायची?"

शेवटून. कोऱ्या कागदाच्या तळाशी आधी मागणी लिहायची, मग तिच्यावर सोल्यूशन आणि सगळ्यात शेवटी प्रॉब्लेम. बोलताना क्रम सरळच ठेवायचा, फक्त लिहिताना उलटा. मी नागपुरात एका बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, म्हणून ही खोड लागली असेल. अर्ज हातात आला की आधी रकमेचा रकाना पाहायचा आणि मग माणूस काय सांगतोय ते ऐकायचं. गुंतवणूकदारही तसाच ऐकतो. रक्कम कळेपर्यंत तो तुमच्या गोष्टीला नुसता हुंकार देत असतो.

एकच उदाहरण नीट सांगतो, तपशील थोडे बदलून. काटोलकडचे दोन भाऊ माझ्याकडे आले होते. त्यांनी संत्र्याच्या प्रतवारीचं मशीन ट्रॉलीवर बसवलं होतं. ट्रॅक्टरने ओढत बागेत न्यायचं, जनरेटरवर चालवायचं, फळ आकाराप्रमाणे वेगळं करून द्यायचं. काम चोख होतं. व्हिडिओही तयार होता, ड्रोनवरून घेतलेली बाग, मागे बासरी. पहिली 50 सेकंदं विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दुःखावर गेली होती आणि शेवटच्या आठ सेकंदांत धाकटा घाईघाईने म्हणत होता, "आम्हाला एक कोटी हवेत, दहा टक्के हिश्श्यासाठी."

आता हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बघा. दहा टक्क्यांचे एक कोटी, म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत दहा कोटी आणि पैसे येण्याआधी नऊ. कंपनीकडे काय होतं? एक मशीन आणि आंबिया बहाराचं, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाचं काम. पन्नास दिवस, 400 टन, किलोमागे सव्वा रुपया, म्हणजे पाच लाखांची आवक. हा हिशोब करायला गुंतवणूकदाराला कागद लागत नाही, आणि तो झाला की पुढचं तो ऐकत नाही.

पण त्यांचा व्हिडिओ अडला तो याहून साध्या जागी. रामदासपेठेतल्या एका बैठकीत तो दाखवला तेव्हा समोर रसाच्या धंद्यातले एक गृहस्थ होते. वडिलांची नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची आडत, त्यामुळे लहानपण बाजारातच गेलेलं. व्हिडिओत दावा होता की प्रतवारीमुळे शेतकऱ्याला आठ टनांमागे वीस हजार जास्त मिळतात. त्यांनी एवढंच विचारलं, "तोडणी कोणाची, भाऊ?"

दोघं गप्प. आपल्याकडे बरेच बागायतदार फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात. मग तोडणी, भराई, गाडीभाडं सगळं व्यापाऱ्याचं. या दोघांनी तो बागेवरचा भाव आणि प्रतवारी करून कळमन्यात मिळालेला भाव शेजारी ठेवले होते. दुसऱ्या बाजूची तोडणी आणि भाडं धरलंच नव्हतं. ते वजा केलं की वीस हजारांतलं फारसं काही उरत नव्हतं. लबाडी नव्हती. प्रॉब्लेम आधी लिहिला आणि तो मोठा दिसावा म्हणून अख्ख्या विदर्भाचा शेतकरी त्यात कोंबला, त्याचा हा परिणाम.

मग आम्ही माझ्या ओसरीत बसून तळापासून लिहायला घेतलं. मी विचारलं, पैसे कशाला हवेत ते वस्तूंमध्ये सांगा. मोठा म्हणाला, "चार मशीन, काका. एक नऊ लाखांचं." म्हणजे 36 लाख. आता एक मशीन किती कमावतं? दिवसाला आठ टनांचे दहा हजार. डिझेल, ट्रॅक्टर, दोन माणसं मिळून खर्च साडेपाच हजार, हातात साडेचार. आंबियाचे साठ आणि मृग या दुसऱ्या बहाराचे चाळीस असे वर्षाचे शंभर दिवस धरले तर साडेचार लाख. दोन वर्षांत मशीनचे पैसे फिटतात.

बँकवाल्याला हे ऐकून आनंद होतो, आणि तोच इशारा असतो. ठरलेल्या गतीने स्वतःची किंमत फेडणारी वस्तू कर्जावर घ्यावी, त्यासाठी कंपनीचा हिस्सा विकू नये. केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून प्रतवारीच्या युनिटला कर्ज मिळतं आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत असते. मशीनचे पैसे तिकडे वळवले तेव्हा गुंतवणूकदाराकडे मागायला जे उरलं ते बँक देत नाही असं होतं: दोन माणसांचा दीड वर्षाचा पगार, कर्जातला स्वतःचा वाटा, आणि हंगामात मोडतोड झाली तर हाताशी असावी अशी रक्कम. एकूण 25 लाख. एक कोटीचे पंचवीस लाख झाले म्हणून धाकटा हिरमुसला. मोठ्याला सुटल्यासारखं वाटलं असावं.

हा आकडा योगायोगाने सोयीचाही निघाला. डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता असलेली स्टार्टअप कंपनी कन्व्हर्टिबल नोटवर पैसे घेऊ शकते, पण एका माणसाकडून एका वेळी निदान 25 लाख घ्यावे लागतात. आज हे पैसे कर्जासारखे येतात, पुढच्या मोठ्या फेरीत त्यांचे शेअर होतात. त्यामुळे एका मशीनच्या कंपनीची आज किंमत किती हा वाद टळतो, आणि व्हिडिओत टक्केवारी उच्चारावीच लागत नाही. माझं मत विचाराल तर दोन मिनिटांत टक्केवारी सांगूच नये. ती समोरासमोर बसून बोलायची गोष्ट आहे.

मागणी पक्की झाल्यावर गिऱ्हाईक शोधायला वेळ लागला नाही. 31 शेतकऱ्यांनी मशीन वापरलं होतं, त्यांतल्या 12 जणांनी मृगासाठी आगाऊ पैसे भरले होते. हे बारा कोण? वही काढून पाहिलं. बहुतेक सगळे स्वतः तोडणी करून माल कळमन्याला नेणारे. त्यांचा तोडणीचा खर्च मशीन असो वा नसो होणारच, म्हणून त्यांच्या बाबतीत फायद्याचा आकडा खरा उरतो. प्रॉब्लेमचं वाक्य या बारा जणांपुरतं आवळलं.

शब्दांचं गणित सांगतो. स्पष्ट मराठीत माणूस मिनिटाला साधारण 110 ते 115 शब्द बोलतो. दोन मिनिटांत 230 बसतात, मी 200च्या फार पुढे जाऊ देत नाही, कारण चित्रालाही श्वास लागतो. आकडे कागदावर लहान दिसतात, तोंडात मोठे होतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये ते अक्षरांतच लिहायचे. शेवटी जे उरलं ते असं:

"एकाच बागेतल्या या दोन गाड्या. दोन्हींत आठ-आठ टन संत्री. एकाच सकाळी कळमन्यात गेल्या. पहिलीला मिळाले एक लाख शहात्तर हजार. दुसरीला दोन लाख एक हजार. दुसरीतलं फळ आकाराप्रमाणे वेगळं केलेलं होतं, एवढाच फरक.

जो शेतकरी स्वतः तोडणी करून माल बाजारात नेतो, त्याच्याजवळ प्रतवारीचं मशीन नाही. मशीन दूरच्या शेडमध्ये. तिथे नेऊन उतरवायचं, पुन्हा भरायचं, तर फायदा हमालीतच जातो.

म्हणून आम्ही मशीनच बागेत नेतो. दिवसाला आठ टन, किलोमागे सव्वा रुपया. या शेतकऱ्याने आम्हाला दहा हजार दिले, आणि त्याच्या हातात पंधरा हजार जास्त राहिले.

गेल्या आंबियात एका मशीनने पन्नास दिवसांत चारशे टन काढले. एकतीस शेतकरी. त्यांतल्या बारा जणांनी मृगासाठी आगाऊ पैसे भरलेत.

आम्ही दोघं भाऊ. मोठा मेकॅनिकल इंजिनियर, धाकटा घरची बाग पाहतो.

आणखी चार मशीन आम्ही बँकेच्या कर्जातून घेतोय. तुमच्याकडून हवेत पंचवीस लाख, कन्व्हर्टिबल नोटवर. पंधरा लाख अठरा महिन्यांच्या पगाराला, पाच लाख कर्जातल्या आमच्या वाट्याला, पाच लाख दुरुस्ती आणि डिझेलला. अठरा महिन्यांनी पाच मशीन आणि वर्षाला चार हजार टन. बाग बघायला या."

मागणीला जवळजवळ तीस सेकंदं दिली आहेत, पहिल्या व्हिडिओत आठ होती. 'शेतकरी अडचणीत आहे' हे वाक्य कुठेच नाही, दोन गाड्या ते काम करतात. त्या दोन गाड्या खरोखर एकाच सकाळी पाठवाव्या लागल्या. वेगळ्या दिवशीचा भाव वेगळा, आणि कळमन्यात वाढलेल्या माणसाने ते लगेच धरलं असतं. बासरी गेली. जनरेटर चालू असताना आवाज घेतला तर एक अक्षर कळत नाही, म्हणून बोलणं घरात गाद्या लावून वेगळं रेकॉर्ड केलं आणि मशीनच्या चित्रावर चढवलं. मुंबईच्या लोकांसाठी हिंदीत बोलावं का असं धाकट्याचं चाललं होतं. मी म्हटलं, तू हिंदीत बोलताना परीक्षेला बसल्यासारखा दिसतोस, मराठीतच बोल, खाली इंग्रजी सबटायटल टाकू.

एक चूक मात्र माझ्याही लक्षात उशिरा आली. धाकट्याने उत्साहात तो व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 खाली खाजगी रीतीने पैसे उभे करणाऱ्या कंपनीला त्याची जाहिरात लोकांमध्ये करता येत नाही. निवडक माणसांनाच, नावानिशी, प्रस्ताव द्यायचा असतो. सीएने फोन करून झापल्यावर तो त्याच संध्याकाळी उतरवला. आता दोन प्रती आहेत. मागणी नसलेली दीड मिनिटाची सगळ्यांसाठी, आणि पूर्ण दोन मिनिटांची, ज्याला पाठवली त्यालाच उघडता येईल अशी.

ती पूर्ण प्रत पाहून तिघांनी बोलावलं. पैकी दोघांचा पहिला प्रश्न एकच होता, गारपिटीने बहार गेला तर मशीन काय करणार? दोन मिनिटांत याला जागा नव्हती आणि आम्ही ती मुद्दाम केलीही नव्हती. मोठ्याने खिशातून फोन काढला आणि तेच मशीन रोलरमधलं अंतर बदलून मोसंबीवर चालतानाचं चित्र दाखवलं.